एका बेअरिंगचे तीन आकडे: स्टोअरमधल्या महिनाअखेरीच्या मेळाची गोष्ट

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पाण्याचे मोनोब्लॉक पंप बनवणारा एक लहान कारखाना आहे. तारीख ३० एप्रिल, वेळ संध्याकाळची. स्टोअरची खिडकी बंद झाली आहे आणि स्टोअरकीपर एका वस्तूची शिल्लक पाहत आहे: ६२०५ झेडझेड हे बेअरिंग. आतला व्यास २५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. रॅकवर लटकवलेले बिन कार्ड सांगते, ९७ नग. टेबलावरचे स्टोअर्स लेजर सांगते, ५० नग. आणि खण रिकामा करून प्रत्यक्ष मोजले तर भरतात ९५ नग.

हे तीन आकडे वेगळे का आले आणि ते एका आकड्यावर कसे येतात, हा या लेखाचा विषय आहे. घाईतला स्टोअरकीपर अशा वेळी सोपा मार्ग धरतो. मोजलेला आकडा कार्डावर लिहितो, कार्डावरचा लेजरमध्ये लिहितो आणि घरी जातो. कागदावर मेळ बसतो, पण फरक कुठून आला हे शोधायची वाट कायमची बंद होते. माझे म्हणणे या लेखात एवढेच आहे: दोन नोंदी ठेवायच्या त्या एकमेकींवर नजर ठेवण्यासाठी. एक पाहून दुसरी लिहिली, की दोन वह्या असूनही नोंद एकच उरते.

कार्ड रॅकपाशी, लेजर टेबलावर

बिन म्हणजे माल ठेवायचा खण, पेटी किंवा रॅकचा कप्पा. त्या कप्प्याला अडकवलेला जाड कागद म्हणजे बिन कार्ड. त्यावर वरच्या बाजूला वस्तूचे नाव, कोड नंबर, कप्प्याचा क्रमांक आणि मोजण्याचे एकक असते. शेजारी कमाल पातळी, किमान पातळी आणि फेरमागणीची पातळी लिहिलेली असते. खाली रकाने: तारीख, कागदाचा क्रमांक, आवक, जावक, शिल्लक आणि सही. त्यात रुपयांचा रकाना नसतो. कार्ड फक्त नग जाणते.

फेरमागणीची पातळी अंदाजाने ठरत नाही. आपल्या कारखान्यात या बेअरिंगचा रोजचा जास्तीत जास्त वापर ६ नग आहे आणि पुरवठादाराला माल पोहोचवायला जास्तीत जास्त १२ दिवस लागतात. ६ गुणिले १२ म्हणजे ७२. ते थोडे वर धरून कार्डावर ७५ लिहिले आहे. शिल्लक ७५ च्या खाली गेली की स्टोअरकीपरने खरेदी विभागाला कळवायचे.

स्टोअर्स लेजरमध्ये हीच वस्तू पुन्हा येते, पण पैशांसह. प्रत्येक वस्तूला एक पान आणि आवक, जावक, शिल्लक या तिन्हींखाली नग, दर आणि रक्कम असे तीन-तीन रकाने. मोठ्या कारखान्यात लेजर कॉस्ट विभागात असते आणि स्टोअरकीपरचा हात त्याला लागत नाही. दोन नोंदी दोन माणसांकडे असल्या की एकाची चूक दुसऱ्याच्या वहीत उघडी पडते. लहान कारखान्यात मात्र एवढी माणसे नसतात. कार्ड आणि लेजर दोन्ही एकाच स्टोअरकीपरच्या गळ्यात पडतात, आणि म्हणून तिथे शिस्त जास्त लागते.

ती शिस्त अशी. कार्ड लिहायचे रॅकपाशी उभे राहून, माल हातात असतानाच. आधी माल देऊन संध्याकाळी आठवून लिहायचे नाही. लेजर लिहायचे टेबलावर, आणि समोर कार्ड ठेवायचे नाही. समोर असायला हवेत फक्त मूळ कागद. माल आला तर जीआरएन, म्हणजे माल तपासून ताब्यात घेतल्याची नोंद. माल दिला तर सुपरवायझरच्या सहीची इश्यू स्लिप. दिलेला माल परत आला तर रिटर्न नोट. कार्ड आणि लेजर या दोन्हींची मुळे या तीन कागदांत आहेत, पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी लिहिली जातात. माणूस एकच असला तरी त्यामुळे तीच चूक दोन्हीकडे होण्याची शक्यता बरीच कमी होते.

एप्रिल महिना कार्डावर

मार्चअखेर सगळ्या मालाची मोजणी झाली होती, त्यामुळे १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक पक्की आहे: ८० नग.

३ एप्रिलला असेंब्ली विभागाने २५ नग नेले, राहिले ५५. ८ तारखेला मार्चमध्येच मागवलेले १०० नग आले, झाले १५५. १२ तारखेला ४० गेले, राहिले ११५. १७ तारखेला ५४ गेले, राहिले ६१. शिल्लक ७५ च्या खाली आल्यामुळे त्याच दिवशी खरेदी विभागाला चिठ्ठी गेली. २१ तारखेला असेंब्लीने जास्तीचे ६ नग परत केले, झाले ६७. २६ तारखेला २० गेले, राहिले ४७. २९ तारखेला मागवलेले ५० नग आले, तपासणी झाली, जीआरएन झाला आणि ते कप्प्यात गेले. कार्डावर शिल्लक ९७.

तोच महिना लेजरमध्ये

लेजरमध्ये नगाला किंमत द्यावी लागते. या कारखान्यात भारित सरासरीची पद्धत आहे. प्रत्येक आवकेनंतर एकूण रकमेला एकूण नगांनी भागायचे आणि येणारा दर पुढच्या जावकेला लावायचा. काही कारखाने आधी आलेला माल आधी गेला असे धरून दर लावतात. भारतातल्या लेखा मानकांना या दोन्ही पद्धती चालतात. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणे मात्र चालत नाही.

सुरुवातीचे ८० नग २०० रुपये दराने, म्हणजे १६,००० रुपये. त्यातले २५ गेले, उरले ५५ नग आणि ११,००० रुपये. ८ तारखेचे १०० नग २३१ रुपये दराने आले, २३,१०० रुपयांचे. आता १५५ नगांचे ३४,१०० रुपये झाले, म्हणजे सरासरी दर २२०. या दरात वाहतुकीचा खर्च धरलेला आहे. जीएसटीचे क्रेडिट कारखान्याला मिळते, म्हणून तो कर धरलेला नाही. १२ तारखेचे ४० नग २२० रुपयांनी गेले, उरले ११५ नग आणि २५,३०० रुपये.

इथपर्यंत कार्ड आणि लेजर हातात हात घालून चालतात. पुढे लेजर सांगते: १७ तारखेला ४५ नग गेले, उरले ७०. २६ तारखेला २० गेले, उरले ५०, किंमत ११,००० रुपये. २१ तारखेची रिटर्न आणि २९ तारखेची आवक या पानावर दिसतच नाहीत.

मोजणी आधी, मेळ नंतर

महिनाअखेरीच्या कामाची पहिली पायरी म्हणजे रेघ मारणे. ३० एप्रिलच्या संध्याकाळी शेवटचा जीआरएन कोणता, शेवटची इश्यू स्लिप कोणती आणि शेवटची रिटर्न नोट कोणती, त्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवायचे. या क्रमांकांपर्यंतचे व्यवहार एप्रिलचे, पुढचे मे महिन्याचे. ही रेघ मारली नाही, तर दारात उतरलेला पण जीआरएन न झालेला माल मोजणीत येतो आणि नोंदीत येत नाही. मग दोन दिवस नसलेल्या चुकीचा शोध चालतो.

दुसरी पायरी मोजणीची. मोजणाऱ्याला कार्डावरची शिल्लक आधी सांगायची नाही. ९७ हा आकडा माहीत असलेला माणूस ९५ मोजतो तेव्हा पुन्हा मोजतो, आणि कधी कधी ९७ भरेपर्यंत मोजतो. मोजणारा शक्यतो स्टोअरबाहेरचा असावा. बेअरिंग ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात ती उघडून पाहावीत. सीलबंद दिसणाऱ्या खोक्यातला एखादा नग आधीच काढलेला असू शकतो. फुटलेले, गंजलेले किंवा तपासणीत नाकारलेले नग वेगळे मोजावेत.

तिसरी पायरी कार्ड आणि लेजर ओळीला ओळ लावून तपासण्याची. इथे शिल्लक ताडून उपयोग नाही, कागदांचे क्रमांक ताडायचे. कार्डावरचा एक क्रमांक घ्यायचा, लेजरमध्ये तोच शोधायचा, नग सारखे असतील तर दोन्हीकडे टिक करायची. शेवटी ज्या ओळींवर टिक नाही, तिथे फरक बसलेला असतो.

आपल्या पानावर टिक न झालेल्या ओळी तीन निघाल्या.

पहिली ओळ २९ तारखेच्या ५० नगांची. माल पुरवठादाराच्या चलनावर आला, बिल मागून येणार होते. कार्डाला दर लागत नाही, म्हणून तिथे नोंद लगेच झाली. लेजरला दर लागतो, म्हणून स्टोअरकीपरने जीआरएन बाजूला ठेवला. बिल २ मे रोजी आले, दर २३९ रुपये. ही चूक म्हणता येणार नाही, हा वेळेचा फरक आहे. पण खरेदी आदेशातला दर तात्पुरता लावून एप्रिलमध्येच ही नोंद करायला हवी होती, कारण माल एप्रिलमध्ये कारखान्याचा झाला होता.

दुसरी ओळ परत आलेल्या ६ नगांची. रिटर्न नोट फाइलमध्ये सापडली, तिच्यावर लेजरमध्ये नोंद केल्याची खूणही होती. मग नोंद गेली कुठे? शेजारच्या पानावर, ६२०५ टूआरएसवर. मापे तीच, पण झाकण रबराचे. त्या बेअरिंगचे लेजर त्याच्या कार्डापेक्षा बरोबर ६ ने जास्त होते. एका वस्तूत ६ कमी आणि तिच्या सख्ख्या शेजारणीत ६ जास्त दिसले, की नोंद चुकीच्या पानावर पडल्याची शंका आधी घ्यावी.

कार्ड आणि लेजरमधला एकूण फरक ४७ आहे. वरच्या दोन कारणांनी तो ५६ असायला हवा होता. म्हणजे कुठेतरी ९ नग उलट दिशेने गेले आहेत. फरकाला ९ ने भाग गेला, की जुने हिशेबनीस आधी आकड्यांची अदलाबदल शोधतात, कारण दोन अंक उलटे लिहिले तर फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. १७ तारखेच्या स्लिपवर ५४ होते, लेजरमध्ये ४५ लिहिले गेले. तीच तिसरी ओळ. लक्षात घ्या, ४७ ला ९ ने भाग जात नाही. आधीची दोन कारणे वजा केल्यावरच ही खूण दिसली. म्हणून मोठे फरक आधी काढावेत.

मेळाचा कागद असा तयार होतो:

लेजरची शिल्लक: ५० नग
अधिक, २९ एप्रिलचा जीआरएन नोंदवायचा राहिला: ५०
अधिक, रिटर्न नोट चुकीच्या पानावर: ६
वजा, ५४ ऐवजी ४५ लिहिले: ९
बिन कार्डाची शिल्लक: ९७ नग

जे दोन्ही वह्यांना दिसले नाही

कार्ड आणि लेजर ९७ वर एकत्र आले, पण कप्प्यात ९५ आहेत. हे दोन नग टिका मारून सापडणार नाहीत, कारण त्यांचा कागदच झालेला नाही. ज्या व्यवहाराची स्लिप फाटली नाही, तो कार्डावरही नसतो आणि लेजरमध्येही नसतो. दोन्ही वह्या अगदी एकमताने चुकीच्या असू शकतात, आणि ते फक्त प्रत्यक्ष मोजणी सांगते.

अशा वेळी स्टोअरकीपरने कार्ड हातात घेऊन माणसांकडे जायचे असते. कोणत्या विभागात हे बेअरिंग लागते, रात्रपाळीत स्टोअरची किल्ली कोणाकडे असते, कोणते मशीन बंद पडले होते? इथे उत्तर मेंटेनन्सच्या रात्रपाळीच्या डायरीत मिळाले. २७ एप्रिलच्या रात्री कूलंट पंपाची मोटर जाम झाली, फिटरने सुपरवायझरकडून किल्ली घेऊन दोन बेअरिंग नेली, बसवली आणि डायरीत लिहिले. स्लिप सकाळी द्यायची राहून गेली. सुपरवायझरच्या सहीने आता ती स्लिप झाली, तिच्यावर २७ एप्रिलचा संदर्भ लिहिला आणि कार्डावर २ नगांची जावक पडली. कार्ड ९५ वर आले.

उत्तर मिळालेच नसते तर? तरीही कार्डावर गुपचूप ९५ लिहायचे नव्हते. तुटीची वेगळी नोट करायची, व्यवस्थापकाची मंजुरी घ्यायची आणि त्या नोटेच्या क्रमांकावर दोन्हीकडे नोंद घ्यायची. हरवलेला, चोरीला गेलेला किंवा खाती माफ केलेला माल असेल तर त्यावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट परत करावे लागते. तुटीचा कागद नसेल तर ही जबाबदारी कोणाच्या लक्षातच येत नाही.

तीन आकड्यांच्या तुलनेतून चूक कुठे आहे याचा पहिला अंदाज बांधता येतो. मोजणी आणि कार्ड जुळत असेल आणि लेजर वेगळे असेल, तर बहुधा लेजरमध्ये नोंद चुकली किंवा राहिली आहे. मोजणी आणि लेजर जुळून कार्ड वेगळे असेल, तर रॅकपाशी लिहायचे राहिले आहे. कार्ड आणि लेजर जुळून मोजणीच वेगळी असेल, तर कागदाविना माल हलला आहे. तिन्ही वेगळे असतील, तर एकाहून जास्त कारणे आहेत आणि ती एकेक करून सोडवायची आहेत.

दुरुस्ती आणि तिची किंमत

दुरुस्ती करताना आकडा खरवडायचा नाही, पांढरा रंगही लावायचा नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ, ती वाचता यावी अशी. खाली बरोबर नोंद, तारीख आणि सही. एप्रिल महिना अजून बंद केलेला नाही, म्हणून लेजरचे पान १७ तारखेपासून पुन्हा मांडता येते.

११५ मधून ५४ गेले, उरले ६१. परत आलेले ६ मिळवून ६७. २० गेले, ४७. रात्रपाळीचे २ गेले, ४५ नग, २२० दराने ९,९०० रुपये. त्यात २९ तारखेचे ५० नग २३९ रुपयांनी, म्हणजे ११,९५० रुपये. एकूण ९५ नग, २१,८५० रुपये, नवा सरासरी दर २३०. कार्ड ९५, लेजर ९५, कप्प्यात ९५.

पडताळा एका ओळीत घेता येतो. सुरुवातीचे १६,००० आणि दोन्ही खरेद्यांचे २३,१०० व ११,९५० मिळून ५१,०५० रुपये. त्यातून अखेरची शिल्लक २१,८५० वजा केली की एप्रिलचा वापर २९,२०० रुपये. मेळ न घालता लेजर तसेच ठेवले असते, तर वापर २८,१०० दिसला असता, म्हणजे पंपांच्या खर्चात ११०० रुपये कमी धरले गेले असते. शिल्लक माल २१,८५० ऐवजी ११,००० दिसला असता. शिवाय ५० ही शिल्लक ७५ च्या खाली असल्यामुळे, लेजर पाहून खरेदी करणाऱ्याने गरज नसलेला माल पुन्हा मागवला असता. हे एका वस्तूचे झाले. स्टोअरमध्ये अशी शेकडो पाने असतात आणि बँकेला जाणारे मालसाठ्याचे विवरण त्यांच्याच बेरजेवर तयार होते.

मेळाच्या मर्यादा

काही फरक नोंदीतून निघत नाहीत. लोखंडी गज किलोवर विकत घेतला आणि फुटावर किंवा नगावर दिला, तर रूपांतराचा फरक दर महिन्याला राहणारच. त्यासाठी कार्ड आणि लेजर दोन्हीकडे एकच एकक ठरवावे आणि वजनाचे प्रमाण पानाच्या डोक्यावर लिहून ठेवावे. थिनर उडतो, पत्रा कापताना तुकडे पडतात. अशा वस्तूंना किती घट स्वाभाविक मानायची हे आधी ठरलेले असावे. पण मोजून दिल्या जाणाऱ्या नगाच्या वस्तूत दर महिन्याला त्याच दिशेने दोन-तीन कमी पडत असतील, तर ती घट नसते. चुका दोन्ही बाजूंना पडतात, चोरी एकाच बाजूला पडते.

संगणकाने ही गोष्ट सोपी केली आणि एका अर्थी अवघडही. ईआरपीमध्ये इश्यूची एक नोंद केली की नग आणि रुपये दोन्ही एकदमच बदलतात. त्यामुळे नगांची नोंद आणि रुपयांची नोंद यांत फरक पडतच नाही. पण ५४ ऐवजी ४५ टाइप झाले, तर ते सगळीकडे ४५ होते आणि त्याला विरोध करणारी दुसरी नोंद उरत नाही. म्हणून संगणक असलेल्या स्टोअरमध्येही किमान महागड्या आणि सतत हलणाऱ्या वस्तूंच्या कप्प्याला हाताने लिहिलेले कार्ड असावे, असे माझे ठाम मत आहे. ते नसेल तर मोजणी अधिक वेळा करावी लागते. रोज थोड्या वस्तू मोजत गेले, तर वर्षभरात सगळे स्टोअर एकदा आणि महागड्या वस्तू अनेकदा मोजून होतात, कारखाना बंद न ठेवता.

कंपनीच्या लेखापरीक्षकाकडून कायद्याची अपेक्षा स्पष्ट आहे. कंपन्यांना लागू असलेल्या २०२० च्या लेखापरीक्षण अहवाल आदेशानुसार, व्यवस्थापनाने मालाची मोजणी वाजवी अंतराने केली का आणि मालाच्या कोणत्याही वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली का, हे ज्या कंपन्यांना तो आदेश लागू आहे त्यांच्या लेखापरीक्षकाला सांगावे लागते. तफावत आढळली असेल, तर ती पुस्तकांत नीट घेतली का हेही.

स्टोअर सांभाळणाऱ्यांना आणि मालकांना एक विनंती. येत्या महिनाअखेरीला स्टोअरमधल्या सर्वात महागड्या दहा वस्तू घ्या. त्या कार्ड न दाखवता मोजून घ्या, कागदांचे क्रमांक ताडून मेळाचा कागद लिहा आणि त्यावर मोजणाऱ्याची, स्टोअरकीपरची आणि व्यवस्थापकाची सही घ्या. फरक निघाला म्हणून स्टोअरकीपरला बोल लावू नका. ज्या स्टोअरमध्ये महिनोन्‌महिने एकही फरक निघत नाही, तिथे लेजर कार्ड पाहून लिहिले जात आहे का, हे आधी तपासा.